अठराव्या मिनिटाला गाडलेलं वाक्य

आमच्या घरी मथळा आधी लिहिला जात नसे. बाबा पत्रक लिहीत, जमिनीच्या दाखल्यांवर, रेशनवर, मजुरीवर. पूर्ण मजकूर झाला की तळासरीच्या नाक्यावर उभं राहून वाचावा तसा ते तो घरातच मोठ्याने वाचत. मग मथळा ठरे. मथळ्याखालचं पहिलं वाक्य त्या मथळ्याला उत्तर देत नसेल तर ते कागद चुलीत घालत. मी अक्षरं शिकले ती अशा अर्धवट जळालेल्या कागदांवर. सूड घ्यायलाही बहुधा तिथेच शिकले. कारण आमच्या घरात अन्याय झाला की पहिला प्रश्न असे, "पत्रक कधी काढायचं?"

आता पत्रकं कोणी वाचत नाही. म्हणून मी आणि माझा जोडीदार डहाणूत एका खोलीतून यूट्यूबचं चॅनल चालवतो. जोडीदार म्हणजे कामातला. तो लग्नांचे व्हिडिओ कापून पोट भरतो, घरी गुजराती बोलतो, मला कॉम्रेडबेन म्हणतो. मी लिहिते आणि बोलते, तो कापतो आणि जोडतो. आमचे व्हिडिओ लांब असतात, तालुक्यातल्या प्रश्नांवर असतात आणि बघणारे थोडे असतात.

वरोरच्या मावशीशी माझं रक्ताचं नातं नाही. मी लहान होते तेव्हापासून ती तळासरीच्या बाजारात सुका बोंबील घेऊन येते. आईची आणि तिची मैत्री बोंबलावरूनच झाली. पावसाळ्याआधी आमच्याकडे आगोटीची बेगमी होते, म्हणजे पावसात दर्यावर होड्या जात नाहीत तेव्हा घरात पुरावी एवढी सुकी मासळी भरून ठेवायची. मावशीचा वर्षभराचा संसार त्या थोड्या आठवड्यांच्या विक्रीवर चालतो. त्या आठवड्यांत गिऱ्हाईक आलं नाही तर माल उरतो, आणि पावसाळी हवेत उरलेला माल टिकत नाही.

त्या वर्षी आगोटीच्या तोंडावरच आईने विचारलं, "मावशीचा तो व्हिडिओ पाहिलास का?"

शहरातला एक मुलगा खाण्यापिण्यावर व्हिडिओ करतो. त्याचे बघणारे इतके आहेत की आमचं अख्खं चॅनल त्याच्या एका व्हिडिओखालच्या कमेंटींत मावेल. तो हिवाळ्यात वरोरला येऊन गेला होता. मावशीने त्याला चहा दिला होता, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते दोरीवर कसे टांगतात ते दाखवलं होतं, आणि जाताना पिशवीभर मासळी बांधून दिली होती.

थंबनेलवर, म्हणजे व्हिडिओच्या दर्शनी चित्रावर, मावशीचं तोंड होतं. नाक आक्रसलेलं, ओठ वाकडे, डोळे बारीक. शेजारी बोंबलांची दोरी, आणि त्या दोरीवर त्याने नंतर चिकटवलेल्या माशा, जवळजवळ चिमणीएवढ्या. एक लाल बाण. वर टायटल होतं: ‘सुका बोंबील खाता? आधी हे बघा.’

मी व्हिडिओ लावला. सुरुवातीलाच तेच तोंड, संथ केलेलं, आवाज बंद, खाली घाबरवणारं संगीत. मग त्याचा आवाज: "जो पदार्थ तुम्ही चवीने खाता, तो बनवणारी बाईच त्याच्याकडे बघून असं तोंड का करते?" तिथून पुढे तो गाव, समुद्र, होड्या, जेवण यांत हिंडत राहतो. मावशीचं उत्तर येतं अठराव्या मिनिटाला. त्याने विचारलेलं असतं की बोंबील पावसात भिजला तर काय करता. ती म्हणते, "भिजलेला? छी. तो आम्ही खतात टाकतो. गिऱ्हाईकाच्या पिशवीत नाय घालत."

ते तोंड त्या "छी"चं होतं.

मला सगळ्यात जास्त राग आला तो त्याचं काम चोख होतं म्हणून. आमच्या धंद्यात सगळे सांगतात की थंबनेल जे कबूल करतं ते पहिल्या अर्ध्या मिनिटात समोर आलं पाहिजे, नाहीतर आलेला माणूस निघून जातो. त्याने ते अचूक केलं होतं. चित्रात तोंड, टायटलमध्ये धमकी, पहिल्या वाक्यात दोन्हींची गाठ. तिन्ही एकमेकांना घट्ट धरून होती आणि तिन्ही मिळून खोटं बोलत होती. खरं वाक्य त्याने कापलंही नव्हतं. जिथे कोणी पोचत नाही अशा जागी पुरलं होतं. उद्या कोणी विचारलं तर म्हणायला मोकळा: व्हिडिओत आहे ना.

वाणगावच्या बाजारात मी मावशीजवळ बसले होते. एक बाई आली, टोपली बघितली, मग मावशीचं तोंड बघितलं आणि सोबतच्या बाईला कोपराने खुणावून पुढे गेली. दुसरीने तर विचारलंच, "तूच ना ती, स्वतःच्या मासळीला नाक मुरडणारी?" मावशीने टोपलीवरचं फडकं ओढून घेतलं. ती भांडायला कधी मागे सरत नाही, मी तिला पोलिसाशी भांडताना पाहिलंय. पण स्वतःच्या तोंडाशी कसं भांडायचं, हे तिला उमगत नव्हतं.

मी त्याच दिवशी ठरवलं की त्याला सोडायचं नाही.

आमचा पहिला व्हिडिओ मी रागात केला आणि राग लपवला नाही. थंबनेलवर त्याचं तोंड घेतलं, मोठं. टायटल दिलं: ‘वरोरच्या बायकांचा गुन्हेगार’. जोडीदाराने खुर्ची मागे ढकलून विचारलं, "कॉम्रेडबेन, आत काय आहे?" मी म्हटलं, आत सत्य आहे. तो म्हणाला, सत्य कितव्या मिनिटाला आहे ते सांग.

मी सुरुवात अशी केली होती: "मित्रांनो, किनारपट्टीवरच्या कष्टकरी स्त्रियांच्या श्रमाचा इतिहास मोठा आहे." मग दर्या, मग दलाल, मग बाजार, मग शहरी माणसाची नजर. त्या मुलाचं नाव काढायला मला बराच वेळ लागला. लहानपणापासून मी असंच ऐकलं होतं. आधी संबोधन, मग परिस्थिती, मग शत्रू. नाक्यावर उभा राहिलेला माणूस सभ्यतेने ऐकून घेतो. अंगठ्याने पडदा सरकवणारा घेत नाही.

अपलोड केल्यावर आम्ही रिटेन्शनचा ग्राफ उघडला, म्हणजे आलेल्यांपैकी किती जण कोणत्या क्षणापर्यंत थांबले त्याची रेघ. ती विहिरीत पोहरा सोडावा तशी सरळ खाली गेली होती. लोक त्या मुलाची फजिती बघायला आले होते, त्यांना दर्याचा इतिहास मिळाला. त्याहून वाईट म्हणजे कित्येकांनी आमच्याकडून जाऊन त्याचा मूळ व्हिडिओ शोधून बघितला. एकाने कमेंट केली, "तुमच्यामुळे त्याचं चॅनल कळलं, छान आहे." ती वाचून जोडीदार हसला आणि माझं तोंड बघून पुन्हा ग्राफकडे वळला.

बाबांनी तो व्हिडिओ पूर्ण बघितला. शेवटपर्यंत बघणारे ते एकटेच असावेत. मग म्हणाले, "मथळ्यात शिवी दिलीस आणि खाली इतिहास सांगितलास. शिवी ऐकायला थांबलेला माणूस इतिहास ऐकत नाही. हा कागद चुलीतला आहे."

मावशीला तो दाखवला तेव्हा तिने फक्त थंबनेल पाहिलं. वरोरला तिच्या अंगणात बसलो होतो, दोरीवर शेवटचा माल होता. ती म्हणाली, "त्याचं तोंड मोठं केलंस गो बाय. माझं तोंड अजून त्याच्याकडेच हाय. ते आण परत."

मी म्हटलं, कसं आणणार? मूळ चित्रण त्याच्याकडे आहे. त्याच्या व्हिडिओचा तुकडा आपण वापरला तर तो कॉपीराइटची तक्रार टाकेल आणि आपला व्हिडिओ उतरवला जाईल. टीकेसाठी तुकडा घेता येतो म्हणतात, पण ते सिद्ध होईपर्यंत आगोट संपून जाईल.

मावशीची सून चूल सारवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "माझ्याकडं हाय की."

ती त्या दिवशी स्टेटसला टाकायला म्हणून फोन धरून उभी होती. सासू टीव्हीवर येणार असं तिला वाटलं होतं. चित्रण उभं होतं, थरथरत होतं, कोपऱ्यात एक कोंबडी येत-जात होती. पण त्यात त्या मुलाचा प्रश्न स्वच्छ ऐकू येत होता, त्याची पाठ दिसत होती, आणि मावशीचं तोंड वाकडं होऊन "छी" बाहेर पडताना दिसत होतं. मी ते तिथल्या तिथे चारदा पाहिलं. इतका आनंद मला कुठल्याही मोर्चात झाला नव्हता.

यावेळी आम्ही उलटं काम केलं. आधी पहिलं दृश्य ठरवलं, मग चित्र, मग टायटल. नमस्कार नाही, संगीत नाही, मी नाही. पडदा उघडतो तोच त्याचा आवाज, "मावशी, आणि पावसात भिजला तर?" मग तिचं तोंड, मग तिचं पूर्ण वाक्य. थंबनेलवर तेच तोंड, सुनेच्या फोनमधून काढलेलं, त्याने कापलं होतं तसंच आणि त्याच बाजूला ठेवलेलं, म्हणजे ज्याने त्याचं पाहिलंय त्याला लगेच ओळखू यावं. माशा नाहीत, बाण नाही. टायटल मी लिहिलं: ‘मावशीने हे तोंड कशाला बघून केलं?’

जोडीदाराने अडवलं. तो म्हणाला, "प्रश्न विचारतेस आणि लगेच उत्तर देऊन टाकतेस. मग माणूस थांबेल कशाला? त्याला जे सांगून बोलावलं ते दे, पण देताना दुसरं काहीतरी उघडं ठेव."

तो बरोबर होता. उघडं काय ठेवायचं यावरून मात्र भांडण झालं. मला तिथे लगेच विचारायचं होतं की हे वाक्य कोणी पुरलं आणि का. मावशी म्हणाली, माझ्या गिऱ्हाईकाला त्याचं काय करायचंय? तिला चांगला आणि भिजलेला बोंबील कसा ओळखायचा ते कळू दे. मला ते फार सौम्य वाटलं. माझ्या रागाला त्यात जागा नव्हती.

शेवटी दोन्ही ठेवलं. "छी" संपल्याबरोबर मावशी कॅमेऱ्यात बघून म्हणते, "भिजलेला कसा दिसतो ते दाखवते, मग कोणी फसवणार नाय." आणि मग त्याचं थंबनेल क्षणभर दाखवून माझा आवाज: "आणि ज्याने हे वाक्य ऐकलं होतं, त्याने ते तुमच्यापासून कुठे ठेवलं, तेही बघू." त्यानंतर लांब व्हिडिओ. ती बोंबील मोडून दाखवते, सुनेला वास घ्यायला लावते, लालसर पडलेला आणि बुरशी धरलेला वेगळा काढते. शेवटाकडे मी त्याचं अठरावं मिनिट सांगते. माझं भाषण जोडीदाराने निम्मं कापलं. उरलेल्या निम्म्यात पुरेसं विष होतं.

यूट्यूबवर एकाच व्हिडिओला तीन थंबनेलं लावून तुलना करता येते. ते साधन क्लिक मोजत नाही, कुठल्या चित्रामुळे आलेले लोक जास्त वेळ बघत बसले ते मोजतं. आम्ही एक नुसतं तोंड लावलं, एक तोंड आणि हातात मोडलेला बोंबील, आणि तिसरं माझ्या हट्टाचं: त्याच्या थंबनेलवर लाल फुली. बरेच दिवस निकाल लागेना, आमचे बघणारेच कमी. मग सुनेने आपल्या बचत गटात टाकलं, तिथून ते पालघरपर्यंत गेलं, आणि निकाल लागला. नुसतं तोंड पहिलं, बोंबील दुसरा, माझी फुली शेवटी. जोडीदाराने तो निकाल नुसता माझ्यासमोर धरला. त्याने बोलायला हवं होतं, निदान मला भांडता आलं असतं.

पण सूड त्या फुलीशिवायच पुढे चालू लागला. लोक आमची लिंक त्याच्या प्रत्येक नव्या व्हिडिओखाली टाकू लागले. तो मिसळ खातोय, खाली विचारणा: "मावशीचं वाक्य कुठे पुरलं?" तो आंब्याच्या बागेत, खाली तेच. एके सकाळी बघितलं तर त्याने जुन्या व्हिडिओचं थंबनेल गुपचूप बदललं होतं. आता तिथे मावशी हसत होती, आणि टायटल होतं ‘वरोरची सुंदर सफर’. पहिलं दृश्य मात्र तेच, संथ आणि घाबरवणारं. हसरं चित्र बघून येणाऱ्याला दारातच ते तोंड दिसत होतं. त्याने तिचं तोंड दुसऱ्यांदा वापरलं होतं, आणि दुसऱ्यांदाही तिला न विचारता.

मग त्याचा फोन आला. गोड बोलला. म्हणाला, गैरसमज झाला, एकत्र व्हिडिओ करू, तुमच्याही चॅनलला फायदा होईल. मी म्हटलं, वरोरला ये.

तो आला. मावशीने चहा दिला नाही. वरोरमध्ये दारात आलेल्याला चहा न देणं म्हणजे काय, ते त्याला समजलं नसेल, पण सुनेला समजलं आणि तिने कपबश्या आत नेऊन ठेवल्या.

त्याची योजना अशी होती की तो पुन्हा गाव दाखवेल, बोंबलाचं कालवण खाईल आणि शेवटी मनापासून माफी मागेल. मी विचारलं, शेवटी म्हणजे कितव्या मिनिटाला?

तो म्हणाला, "ताई, सुरुवातीलाच माफी घातली तर लोक थांबत नाहीत."

"मावशीचं वाक्य ऐकायला थांबले होते का?"

मी अटी सांगितल्या. व्हिडिओ त्याच्याच चॅनलवर, कारण खोटं त्याच्याच लोकांनी पाहिलंय. पहिलं वाक्य त्याचं: ‘या मावशींचं तोंड मी त्यांच्या वाक्यापासून तोडून वापरलं.’ टायटलमध्ये तेच, आडवळण नाही. जुना व्हिडिओ काढून टाकायचा. आणि थंबनेलवर त्याचं तोंड, मावशीचं नाही. त्याला त्या कमेंटी थांबायला हव्या होत्या म्हणून बाकी सगळं त्याने मानलं, थंबनेलवर मात्र बराच वेळ घासाघीस करत राहिला. थंबनेलवर आपण हात जोडलेले दाखवू म्हणाला. डोळ्यांत पाणी आणून दाखवू का, असंही विचारलं. माझ्या जोडीदाराने तेवढ्यात कॅमेरा उघडून ठेवला होता.

मावशी उठली. मागच्या पडवीतून एक गोणी घेऊन आली. अवकाळी शिडकाव्यात भिजलेला माल, खतासाठी बाजूला काढलेला. तिने गोणीचं तोंड सोडलं आणि त्याच्या पुढ्यात धरलं.

"वाक," ती म्हणाली. "मला हात जोडलेलं नको. खरं तोंड पायजे."

तो वाकला. जोडीदाराने एकच फोटो काढला, दुसऱ्याची गरज पडली नाही. नाक आक्रसलेलं, ओठ वाकडे, डोळे बारीक. सून पदराआड हसत होती. मी पदरही घेतला नाही, उघड हसले. नंतर कोणी मला म्हणालं की हे जरा जास्त झालं. मला तसं तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्याने तिच्याकडून तोंड फुकट नेलं होतं, आम्ही त्याच्याकडून तेवढंच घेतलं, आणि त्याला समोर सांगून घेतलं.

त्याने तो व्हिडिओ टाकला. टायटल: ‘मावशींचं तोंड मी खोटं वापरलं’. पहिलं वाक्य ठरलं होतं तेच, फक्त आवाज बारीक. जुना व्हिडिओ काढला. त्याचे बघणारे त्या चित्राखाली हसत होते, काही शिव्या देत होते, पुष्कळजण विचारत होते की चांगला बोंबील कुठे मिळेल. मी ते सगळं वाचत बसले, एकेक, चवीने. बाबांनी विचारलं, झालं का समाधान? मी म्हटलं, अजून नाही. त्यांनी मान हलवली, त्यांनाही कधी झालं नव्हतं.

आगोट संपता संपता मी वाणगावच्या बाजारात मावशीकडे गेले. टोपलीत तळाशी थोडाच माल होता. एक बाई थांबली, फोनवर काहीतरी उघडून मावशीसमोर धरलं. मला वाटलं पुन्हा तेच. पण तिच्या फोनवर त्या मुलाचं गोणीवर वाकलेलं तोंड होतं.

"हा असं काय बघून करतोय?" तिने विचारलं.

"भिजलेला," मावशी म्हणाली, आणि टोपलीतला एक बोंबील मोडून तिच्या नाकाशी धरला. "आता तू वास घे. आणि तोंड करून दाखव."

बाईने वास घेतला. तिचं तोंड जसंच्या तसं राहिलं. मग तिने पिशवी उघडली.